दुकानाचे कॅमेरे मोबाईलवर अडकायचे, मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीमचा हिशोब

आमचं बार्शीला कृषी सेवा केंद्र आहे, खतं, बियाणं, औषधं. दादा दुकान बघतो, मी नोकरीला पुण्यात, आणि आण्णा आता दुकानात कमी येतात पण घरी टॅबवर कॅमेरे लावून बसतात. दोन मेगापिक्सलचे सहा आयपी कॅमेरे आहेत, एक गल्ल्यावर, एक काउंटरसमोर, दोन गोडाऊनला, एक शटरबाहेर आणि एक मागच्या दाराला, सगळे वायरने एनव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, जोडलेले आणि एनव्हीआर राउटरला. दुकानातल्या टीव्हीवर चित्र एकदम झकास. पण मोबाईलवर उघडलं की अर्धा मिनिट नीट चालणार, मग थांबणार, माणूस काउंटरपाशी पुतळ्यासारखा उभा आणि एकदम दारात दिसणार, मधलं सगळं गायब. संध्याकाळी तर गोल गोल फिरणारं चिन्हच बघायला मिळायचं, आणि नेमकी तीच आमची गर्दीची वेळ.

कॅमेरेवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "दादा नेट स्लो आहे तुमचं, शंभरचा प्लॅन घ्या." दादाने स्पीड टेस्ट करून दाखवली, पन्नास एमबीपीएस आलं. मग त्याने एनव्हीआरमध्ये शिरून सगळ्या कॅमेऱ्यांचा बिटरेट, म्हणजे व्हिडिओला सेकंदाला मिळणारा डेटा, 4096 वरून 512 केबीपीएस केला आणि "आता हलकं झालं" म्हणून गेला. मोबाईलवर सहा कॅमेऱ्यांचं चित्र होतं तसंच अडकत राहिलं, आणि रेकॉर्डिंगची मात्र पार वाट लागली. पुढे एका गिऱ्हाईकाशी पाचशेची नोट दिली की दोनशेची यावरून वाद झाला, फुटेज काढलं तर हातात नोट आहे एवढंच कळतंय, कुठली ते नाही, माणूस हलला की तोंडाचे चौकोन चौकोन होतायत. त्या शनिवारी मी गावी गेलो तेव्हा हे प्रकरण हातात घेतलं.

कुठलंही सेटिंग बदलायच्या आधी मला हे बघायचं होतं की चित्र अडकतंय कुठे. कॅमेऱ्यातच, दुकानातून बाहेर पडताना, की बघणाऱ्याच्या मोबाईलमध्ये. याला सोपी परीक्षा आहे. दुकानाच्याच वायफायवर मोबाईल जोडायचा, मोबाईल डेटा बंद करायचा आणि ॲप उघडायचं. बहुतेक ॲप एकाच नेटवर्कवर असल्यावर एनव्हीआरशी थेट बोलतात, म्हणजे इंटरनेटचा संबंध जवळजवळ संपतो. माझ्या मोबाईलवर सहाच्या सहा कॅमेरे लोण्यासारखे चालले. म्हणजे कॅमेरे आणि एनव्हीआर ठीक, अडचण दुकानाच्या बाहेर पडण्यात. पण आण्णांचा टॅब मुद्दाम सोबत आणला होता, तो दुकानाच्या वायफायवरसुद्धा अडकत होता आणि हाताला गरम लागत होता. म्हणजे आमच्याकडे एक नाही, दोन वेगळी दुखणी होती आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे कुणालाच काही कळत नव्हतं. टॅबचं नंतर सांगतो, आधी मोठं दुखणं.

स्पीड टेस्टमध्ये सगळे लोक पहिला मोठा आकडा बघतात, तो डाउनलोडचा. आपण दुकानात बसून व्हिडिओ बघतो त्याला तो लागतो. पण कॅमेरा पुण्यात बसून बघायचा तर दुकान हे पाठवणारं झालं, आणि पाठवायला लागतं अपलोड. आमच्या केबलवाल्याच्या लाईनवर सकाळी अपलोड आठच्या आसपास आणि संध्याकाळी सातला साडेतीन-चार एमबीपीएस. म्हणून टेस्ट करायची तर ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी करा, सकाळी निवांत करून उपयोग नाही. आणि शंभरचा प्लॅन घेतला असता तरी केबलवाल्याने अपलोड तेवढंच ठेवलं असतं तर फरक शून्य, मी फोन करून विचारलं तर तो म्हणाला "अपलोड सेमच राहील सर".

आता दुसरी बाजू. प्रत्येक कॅमेरा एकाच वेळी दोन व्हिडिओ तयार करत असतो. एक मेन स्ट्रीम, पूर्ण रिझोल्यूशनची, ती हार्डडिस्कवर रेकॉर्ड होते. दुसरी सब स्ट्रीम, छोटी आणि हलकी, ती खास लांबून बघायला. ॲपमध्ये चार-सहा कॅमेरे एकत्र उघडले की ॲप सब स्ट्रीम मागतं, आणि एका कॅमेऱ्यावर टॅप करून `HD` दाबलं की मेन स्ट्रीम मागतं. काही ॲप तर पूर्ण स्क्रीन केली की न विचारता `HD` वर जातात. कॅमेरेवाल्याने कमी केला तो मेन स्ट्रीमचा बिटरेट, आणि आण्णा दिवसभर बघतात ती सहा खिडक्यांची सब स्ट्रीम, तिला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. म्हणून मोबाईलवर फरक नाही आणि रेकॉर्डिंग खराब.

सब स्ट्रीम उघडून बघितली तर आली तशीच होती, 640×480, पंचवीस फ्रेम, 512 केबीपीएस. सहा कॅमेरे गुणिले 512 म्हणजे साधारण तीन एमबीपीएस. साडेतीनच्या अपलोडमध्ये तीन, जेमतेम बसतंय असं वाटेल, पण हा एका बघणाऱ्याचा हिशोब आहे. एनव्हीआर प्रत्येक बघणाऱ्याला वेगळी प्रत पाठवतो. आण्णांचा टॅब सुरू आणि पुण्यात मीपण उघडलं की सहा एमबीपीएस झाले. आणि मूळ सेटिंगला एका कॅमेऱ्याचं `HD` 4096 चं होतं, म्हणजे संध्याकाळी एकटा एक कॅमेरासुद्धा पूर्ण क्वालिटीत बाहेर पडू शकत नव्हता. आता कळलं की आण्णा म्हणायचे "सकाळी चांगलं चालतं" आणि मी म्हणायचो "कधीच चालत नाही", ते दोघांचंही खरं होतं.

हे नुसतं कागदावर नको म्हणून दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर पिंग लावून ठेवला, तो इंटरनेटवरच्या एका सर्व्हरला सारखी हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवतो.

```
ping -t 8.8.8.8
```

काहीच चालू नसताना वीस-तीस मिलिसेकंद येत होते. मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून सहा कॅमेरे उघडले, आण्णांनाही फोन करून घरून उघडायला लावले, आणि स्क्रीनवर आकडे चढायला लागले, दोनशे, पाचशे, नऊशे, मधूनच `Request timed out`. दोघांनी ॲप बंद केलं की पुन्हा तीसवर. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय पाहिजे. अपलोड पूर्ण भरलं की पुढची पाकिटं राउटरमध्ये रांगेत उभी राहतात, रांग ओसंडली की फेकली जातात, आणि ॲप त्यांची वाट बघत थांबतं, तेच ते पुतळ्यासारखं चित्र. याच टेस्टमध्ये अजून एक गंमत सापडली. सगळी ॲप बंद असताना पण मधेच पिंग वाढत होता, शोधलं तर दुकानातला पोरगा दुकानाच्याच वायफायवर होता आणि त्याच्या मोबाईलचे फोटो-व्हिडिओ आपोआप बॅकअप होत होते. तो बॅकअप म्हणजे निव्वळ अपलोड. त्याला गेस्ट वायफाय करून दिलं आणि राउटरमध्ये त्याची मर्यादा बांधली.

आता सेटिंग. नेहमीचा एक नियम धरला की बाहेर जाणाऱ्या सगळ्या व्हिडिओची बेरीज सगळ्यात वाईट वेळच्या अपलोडच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवायची, कारण बिलिंग, यूपीआयचं मशीन, बाकी सगळं त्याच लाईनवर आहे. साडेतीनचे दोन तृतीयांश म्हणजे सव्वादोन-अडीच.

सब स्ट्रीमसाठी पहिला प्रयोग केला तो नुसता बिटरेट कमी करून, 512 चा 128. चित्र सलग चाललं पण काउंटरवर दोन माणसं हलली की सगळा चिखल. याचं कारण असं की 640×480 चं पंचवीस फ्रेमचं चित्र 128 मध्ये बसवायला कॅमेऱ्याला तपशील फेकावाच लागतो. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला मिळणारा खुराक, तो पंचवीस फ्रेममध्ये वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला थोडा येणार, दहा फ्रेममध्ये वाटला तर अडीचपट येणार. दुकानावर नजर ठेवायला पंचवीस फ्रेम लागतच नाहीत, माणूस आला, माल उचलला, पैसे दिले हे दहा फ्रेमला व्यवस्थित कळतं. म्हणून फ्रेम रेट 10, रिझोल्यूशन 640×360 म्हणजे मेन स्ट्रीमसारखंच रुंद, नाहीतर माणसं उभी ताणल्यासारखी दिसतात, आणि बिटरेट 256. फक्त गल्ल्याच्या कॅमेऱ्याला 512 ठेवला कारण खरं लक्ष तिथे. पाच गुणिले 256 अधिक 512, सगळे मिळून पावणेदोनच्या आसपास. एक बघणारा आरामात बसला.

हे सेव्ह करून उघडलं तर नवीनच प्रकार. चालतंय सलग, पण टॅप केल्यावर चित्र यायलाच चार-पाच सेकंद, तोपर्यंत काळी खिडकी. आणि नेट जरा हललं की चित्र फाटतं आणि तसंच फाटलेलं बराच वेळ राहतं. हे समजून घेण्यासारखं आहे कारण बरेच लोक इथे येऊन परत जुन्या सेटिंगवर जातात. कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो, त्याला आय फ्रेम म्हणतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. बघणारा मधेच जोडला गेला तर त्याला पुढची आय फ्रेम येईपर्यंत काही दाखवता येत नाही, आणि मधली एखादी फ्रेम हरवली तर चूक पुढच्या आय फ्रेमपर्यंत तशीच पुढे जाते. किती फ्रेमनंतर पूर्ण चित्र पाठवायचं हे `I Frame Interval` मध्ये असतं आणि तो आकडा बहुतेक ठिकाणी सेकंदात नसतो, फ्रेममध्ये असतो. आमच्याकडे तो 50 होता. पंचवीस फ्रेमला 50 म्हणजे दोन सेकंद. मी फ्रेम रेट 10 केला तर तोच 50 झाला पाच सेकंद. तो 20 केला, परत दोन सेकंदावर आलं, काळी खिडकी संपली.

मग अजून कमी का नाही करायचा, 10 करून दर सेकंदाला पूर्ण चित्र का नको? कारण आय फ्रेम बाकीच्या फ्रेमपेक्षा कितीतरी पट मोठी असते. एवढ्याशा बिटरेटमध्ये दर सेकंदाला ती मोठी फ्रेम घातली तर मधल्या फ्रेमना काही उरत नाही, क्वालिटी पडते, आणि छोट्या लाईनवर ती मोठी फ्रेम जाताना ठराविक अंतराने उचकी लागल्यासारखा झटका येतो. यावरून निदानही करता येतं. झटका घड्याळ लावल्यासारखा ठराविक वेळाने येत असेल तर आय फ्रेमचा संशय घ्या, कधीही कसाही येत असेल तर लाईन भरलीय किंवा वायफाय कमजोर आहे.

तिथेच खाली `Bitrate Type` असतं, `Variable` आणि `Constant`. सब स्ट्रीमला मी कॉन्स्टंट केला. व्हेरिएबलमध्ये दुकान शांत असताना बिटरेट खाली जातो आणि गर्दी झाली की वर चढतो, कधी कमाल मर्यादेच्याही जरा वर, म्हणजे ज्या क्षणी आपल्याला बघायचंय त्याच क्षणी लाईनवर ताण. रात्रीचं तर वेगळंच. शटरबाहेरचा कॅमेरा रात्री इन्फ्रारेडवर जातो, चित्रात बारीक दाणे नाचतात आणि कॅमेऱ्याला वाटतं सगळं हलतंय, त्यात लेन्ससमोर कोळ्याचं जाळं असेल तर बघायलाच नको. मी सरळ फडक्याने जाळं काढलं, तेवढ्यानेच रात्रीच्या त्या कॅमेऱ्याचा मेन स्ट्रीमचा बिटरेट बराच खाली आला. मेन स्ट्रीमला मात्र व्हेरिएबलच ठेवला, कारण तिथे हार्डडिस्क वाचते आणि गर्दीच्या वेळी जास्त बिटरेट लागला तर लागू दे, ती वायर दुकानातच आहे.

मेन स्ट्रीमची कॅमेरेवाल्याने केलेली नासाडी पण दुरुस्त केली. 1080p, पंधरा फ्रेम, एच 265, कमाल 2048, आय फ्रेम 30. एच 265 आणि एच 264 या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, आणि एच 265 ला तेवढ्याच क्वालिटीला एच 264 च्या साधारण निम्मा बिटरेट पुरतो असं धरतात, म्हणून 4096 च्या जागी 2048 चालून गेला. गल्ल्याच्या कॅमेऱ्याला 3072 दिला. दादाला पाचशेची नोट घेऊन काउंटरवर उभं केलं आणि रेकॉर्डिंग चालवून बघितलं, नोट नीट ओळखू येतेय. हार्डडिस्कचं पण सांगतो, दादाला तेच आवडलं. सहा कॅमेरे 4096 ने सतत लिहिले तर दिवसाला अडीचशे जीबीच्या वर जातात, आमची दोन टीबीची डिस्क आठवड्याभरात भरून जुनं पुसायला लागायची. आता जवळजवळ पंधरवडा राहतं. आणि मोबाईलवर `HD` दाबलं तर दोन एमबीपीएस लागतात, ते साडेतीनमध्ये मावतात, फक्त त्या वेळी आण्णांनी सगळे कॅमेरे उघडून ठेवलेले नसावेत.

एक अडचण इथे आली की मागच्या दाराचा कॅमेरा वेगळ्या कंपनीचा आहे, एनव्हीआरमधून सेटिंग बदललं, सेव्ह झालं असं म्हणाला, आणि आत काही बदललंच नव्हतं. एनव्हीआरच्या लाईव्ह स्क्रीनवर प्रत्येक कॅमेऱ्याचा चालू बिटरेट दाखवायची सोय असते, तिथे बघितल्यावर कळलं. अशा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आयपी ॲड्रेसवर ब्राउझरने जाऊन आत बदलावं लागतं. सेव्ह केलं म्हणजे झालं असं समजू नका, खरा आकडा बघा.

आता टॅब. तो जुना आहे आणि त्यात एच 265 सोडवायचं हार्डवेअर नाही, म्हणजे सगळं काम प्रोसेसरवर, सहा खिडक्या एकदम म्हटल्यावर तो तापणार आणि धापा टाकणार. आमच्या सब स्ट्रीमपण एच 265 वर होत्या. सब स्ट्रीमला एच 264 केलं, टॅब शांत झाला. एवढ्या छोट्या चित्राला एच 265 ने वाचतं ते थोडंच, त्यासाठी जुने मोबाईल मारण्यात अर्थ नाही. याच पानावर `Smart Codec` नावाचं एक बटण असतं, तेपण बंद केलं. त्याने जागा खूप वाचते हे खरं, पण ते आय फ्रेमचं अंतर स्वतः लांबवतं आणि आपलं सेटिंग बदलता येणार नाही असं करडं करून टाकतं, मग लांबून उघडायला परत तीच काळी खिडकी.

कॅमेरेवाला परत आला होता तेव्हा त्याने अजून एक उपाय सुचवला, राउटरवर पोर्ट उघडून थेट जोडायचं, म्हणजे मधल्या कंपनीच्या सर्व्हरमधून जायला नको. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. ॲप आधी मोबाईल आणि एनव्हीआर थेट जोडायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवून आणतं आणि तिथे वेग कमी मिळू शकतो. पण राउटरच्या आत वॅन आयपी, म्हणजे केबलवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघितला तर 100.72 ने सुरू होणारा. 100.64 ते 100.127 मधला आयपी म्हणजे केबलवाल्याने बऱ्याच गिऱ्हाईकांना मिळून एकच बाहेरचा आयपी दिलाय, तिथे आपण पोर्ट उघडून काही होत नाही, बाहेरून कुणी आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. आणि पोचलं असतं तरी मी केलं नसतं. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कंपनीच्या मूळ पासवर्डवर ठेवलेले डीव्हीआर आणि कॅमेरेच ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाईट पाडल्या होत्या, आणि आमच्या एनव्हीआरचा पासवर्ड तोपर्यंत admin पुढे 123 असाच काहीतरी होता. तो तेवढा त्याच दिवशी बदलला.

दोन बघणाऱ्यांचा प्रश्न मात्र सेटिंगने पूर्ण सुटला नाही. पावणेदोन दुणे साडेतीन, म्हणजे संध्याकाळी आम्ही दोघांनी सगळे कॅमेरे लावले तर लाईन परत काठोकाठ. आण्णांना सांगितलं की सहा खिडक्यांऐवजी चारची स्क्रीन ठेवा, गोडाऊनचे दोन्ही काढून. "मग गोडाऊन कोण बघणार?" म्हणाले. म्हटलं आण्णा, गोडाऊनला कुलूप आहे, लागलं तर बोट फिरवलं की येतंय. तयार झाले, पण कुरकुरत. त्यांच्या टॅबवर पूर्ण स्क्रीन केल्यावर आपोआप `HD` होणारं सेटिंगपण बंद केलं, त्यांना जाणवलंच नाही.

आता पुण्यातून उघडलं की सेकंद-दोन सेकंदात चित्र येतं आणि चालत राहतं. खऱ्या वेळेपेक्षा दोन-तीन सेकंद मागे असतं, दादाला फोनवर "हात वर कर" म्हटलं तर जरा वेळाने वर होतो, ते तसंच राहणार. न सुटलेली गोष्ट म्हणजे मोबाईलवर जुनं रेकॉर्डिंग बघणं. ते मेन स्ट्रीमचं असल्यामुळे दोन एमबीपीएसने येतं, गल्ल्याचं तर तीनने, आणि संध्याकाळी अजूनही अडकतं. आमच्या एनव्हीआरमध्ये दोन्ही स्ट्रीम रेकॉर्ड करायची सोय आहे, ती सध्या गल्ल्याच्या एकट्या कॅमेऱ्याला चालू केलीय, डिस्कवर थोडी जादा जागा जाते पण मोबाईलवर आधी हलकं रेकॉर्डिंग चालवून वेळ शोधायची आणि नेमका तेवढाच तुकडा दादाला दुकानातून पेन ड्राइव्हवर काढायला सांगायचा, असं चाललंय.